पूल बुडाला की आत्याबाईंनी घर सोडायचं

पत्र : "आमचं गाव सदलग्याजवळ, दूधगंगेच्या काठाला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, 74 वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. धरून बसवलं तर बसतात, पण उभ्या राहत नाहीत. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. डॉक्टर इचलकरंजीचे, औषधंही तिथूनच येतात. मालक कागलला एमआयडीसीत शिफ्टला असतात. दिवसभर घरी मी आणि दहावीतला मुलगा. 2019 ला पाणी आलं तेव्हा आत्याबाई चालत ट्रॉलीत चढल्या होत्या. आता तसं पाणी आलं तर मी त्यांना कशी बाहेर काढू? मोबाइलवर इशारे येतात ते कन्नडमध्ये, मला नीट वाचता येत नाहीत. रात्री पाऊस वाढला की झोप लागत नाही."
— एक सून

ताई,

तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत: डॉक्टर इचलकरंजीला, मालक कागलला, औषधं इचलकरंजीला. तिन्ही नदीच्या पलीकडे. पाणी चढलं की तुमचा आधार पलीकडे आणि आत्याबाई अलीकडे, असं होणार. म्हणून त्यांना कसं उचलायचं हे नंतर बघू. त्यांनी कधी निघायचं, हे आधी ठरवू.

धडधाकट माणूस गुडघाभर पाण्यातूनही निघतो. अर्धं अंग गेलेल्या माणसाला घरातून काढायला कोरडा रस्ता लागतो, उजेड लागतो आणि दोन-तीन माणसं लागतात. दारात पाणी आल्यावर यातलं एकही हाताशी राहत नाही. पलंगावरून रबरी बोटीत माणूस घेणं प्रशिक्षित जवानांनाही जड जातं, कारण बोट हलते आणि रुग्णाला स्वतःला सावरता येत नाही. त्यामुळे गाव ज्या दिवशी हलतं, त्याच्या आदल्या दिवशी आत्याबाई हलल्या पाहिजेत. तो आदला दिवस ओळखायची खूण तुमच्या गावाजवळच आहे.

मलिकवाड-दत्तवाड पूल तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या भागातले कारदगा-भोज, अकोळ-सिदनाळ, कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर हे सगळे पूल बसके आहेत आणि जोराच्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात. आपण त्याकडे वाहतुकीची अडचण म्हणून बघतो. माझ्या मते ते आपल्यासाठी नदीवर कुणी तरी बांधून ठेवलेलं मोजमाप आहे. पूल बुडतो तेव्हा घरं अजून कोरडी असतात आणि चिकोडीकडचा रस्ता चालू असतो. नेमकी तीच वेळ तुमची.

मध्ये किती वेळ मिळतो हे गावागावाला वेगळं असतं, आणि ते तुम्हाला गावातच कळेल. गल्लीतल्या दोन-तीन जुन्या माणसांना विचारा: 2005, 2019 आणि 2021 ला पूल कधी बुडाला आणि आपल्या दारात पाणी कधी आलं? सगळ्यांना तारीख आठवणार नाही, पण "पूल बुडाला तो सोमवार, आणि बुधवारी रात्री आम्ही शाळेत गेलो" असं सांगणारे हमखास भेटतात. तीन वर्षांची उत्तरं एका कागदावर लिहा. त्यात जो सगळ्यात कमी वेळ असेल, तोच तुमचा वेळ समजा. सरासरी काढू नका. आणि अंधार पडायच्या सुमारास पुलाला पाणी लागायला आलं असेल तर पूल बुडायची वाट न बघता दिवेलागणीआधी निघा. रात्री लाइट गेलेली असताना तीन पायऱ्या उतरणंही अवघड होतं.

हे आज, कोरड्या दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा. त्या दिवशी सकाळी चर्चेला बसलात तर आत्याबाईच म्हणतील, "बघूया की अजून, उतरेल पाणी." म्हातारी माणसं घर सोडायला नको म्हणतात तेव्हा आपण समजतो की त्यांचा जीव म्हशीत आणि ट्रंकेत अडकलाय. पुष्कळदा खरं कारण वेगळं असतं आणि ते लाजेपोटी बोललं जात नाही. परक्या ठिकाणी संडासला कसं बसायचं, ही भीती असते. पुरात लोकांना ठेवतात ते काळजी केंद्र बहुतेक शाळेत असतं, तिथले संडास उकिडवं बसायचे. डावी बाजू गेलेल्या माणसाला तसं बसता येत नाही. म्हणून त्यांच्यासोबत कमोडची खुर्ची गेलीच पाहिजे, आणि ती जाणार हे त्यांना आत्ताच सांगा. निम्मा विरोध तिथेच मावळेल. त्याहून बरं म्हणजे चिकोडीकडे किंवा त्याही पुढे, नदीच्या याच बाजूला असलेल्या एखाद्या पाहुण्याचं घर आधी ठरवून ठेवा. तिथे खुर्चीवर बसायचा संडास आहे का, पलंग खालच्या खोलीत मावतो का, हे एकदा जाऊन बघून या. "या की कधीही" एवढ्यावर विसंबू नका.

आता इशाऱ्यांचं. कन्नड वाचता येत नाही ही अडचण आहेच, पण आणखी एक आहे. बेळगाव जिल्ह्याचा पावसाचा इशारा तुमच्या दारातल्या पाण्याबद्दल पुरतं सांगत नाही. दूधगंगा भरते ती राधानगरीच्या डोंगरातल्या पावसानं आणि काळम्मावाडी धरणातून सोडलेल्या पाण्यानं. तिला मिळणाऱ्या वेदगंगेचं पाणी भुदरगडाकडून येतं. शिवाय कोयनेचं पाणी सुटून कृष्णा फुगली की दूधगंगेला पुढं वाट मिळत नाही आणि फुगवटा मागं सरकतो. म्हणूनच सदलग्यात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढताना तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं `SACHET` हे ॲप मोबाइलवर घ्या, भाषा मराठी निवडा आणि बेळगावसोबत कोल्हापूर जिल्ह्याचेही इशारे चालू करा. धरणातून किती क्युसेक सोडलं हे रोजच्या पेपरात येतं. आकडा पाठ करायची गरज नाही. कालच्यापेक्षा आज वाढला की घटला, एवढं बघा. सलग दोन दिवस वाढत असेल तर औषधाची पिशवी कपाटातून काढून दाराशी ठेवा.

मोबाइलवर मात्र सगळा भार टाकू नका. लाइट गेली की बॅटरी संपते, आणि पंचायतीची दवंडी कन्नडमध्ये, पावसाच्या आवाजात, मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. पुलाकडच्या बाजूला राहणारं एक घर धरा. त्या घरातल्या माणसाचं काम एकच: पूल बुडाला की तुमच्या दारात येऊन सांगायचं. फोन लागला नाही तरी त्यानं यायचं. त्याच्या गैरहजेरीत कोण येणार, तेही नक्की करा.

मदतीला फोन करताना एक सीमाभागाची गोम लक्षात ठेवा. आपला मोबाइल कधी कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. मग 112 किंवा 108 लावलं की फोन तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून काय झालं ते सांगायच्या आधी "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, चिकोडी तालुका" आणि गावाचं नाव सांगा, आणि आपली अडचण नंतर. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर 1077 आहे. हे तिन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. त्या घाईत मोबाइलमध्ये शोधत बसायला वेळ मिळत नाही.

आणखी एक काम आहे, त्याला अर्धा तास लागेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 8 प्रमाणे जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवणं आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवणं ही जिल्हा आपत्ती प्राधिकरणाची जबाबदारी आहे. अर्धांगवायूनं आलेलं अपंगत्व यात मोडतं. तुमच्या पंचायतीत दिव्यांगांसाठी काम करणारा व्हीआरडब्ल्यू असतो, त्याच्याकडे आत्याबाईंची नोंद करा. पीडीओंच्या नावे साधा अर्ज द्या: वय, घर कुठल्या गल्लीत, उभं राहता येत नाही, उचलून न्यावं लागेल, इन्सुलिन चालू आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. त्यानं गाडी दारात येईलच असं मी म्हणत नाही. पण यादीत नाव असलेलं घर बोट आल्यावर आधी शोधलं जातं.

आता उचलण्याकडे येते. यात मला एक चूक आधी सांगितली पाहिजे, कारण ती आमच्याच घरात झाली. 2019 ला माझ्या वडिलांना बाहेर काढायचं होतं, त्यांचाही एक हात, उजवा, लुळा होता. चार भल्या माणसांनी घाईत काखेत हात घालून त्यांना ट्रॉलीत ओढलं. माणसं मदतीलाच आली होती, कुणाला दोष नाही. पण लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा नुसता लोंबकळत असतो. तो खांदा निखळला, आणि पुढचे चार महिने त्यांना कुशीवर वळवलं तरी ते कण्हायचे. म्हणून आत्याबाईंच्या डाव्या हाताला धरून किंवा डाव्या काखेतून कुणीही, कधीही उचलायचं नाही. हे तुमच्या मुलाला आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

त्यांना खुर्चीसकट न्या. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, पाठ सरळ असलेली हवी. प्लॅस्टिकची नको. मागून धरून कलती केली की तिची पाठ वाकते आणि ओल्या फरशीवर पाय पसरतात. पलंगाला लागून, त्यांच्या चांगल्या म्हणजे उजव्या बाजूला खुर्ची ठेवा, म्हणजे त्या उजव्या हातापायाचा जोर लावून सरकू शकतील. तुम्ही समोर उभ्या राहून त्यांच्या कमरेला दुमडलेली ओढणी गुंडाळा आणि त्या ओढणीला धरून त्यांना फिरवा. बसल्या की डावा हात पोटावर घेऊन शालीनं झोळीसारखा गळ्यात अडकवा. मग जुन्या लुगड्याची एक पट्टी छातीवरून आणि एक मांड्यांवरून खुर्चीच्या पाठीला बांधा. गाठ मागे, एका ओढीत सुटणारी. घट्ट बांधायचं, पण चार बोटं आत जातील एवढी जागा ठेवायची.

एक माणूस मागं, खुर्चीची पाठ धरून. दुसरा पुढं, पुढचे दोन्ही पाय खाली, जमिनीजवळ धरून. मागचा आधी खुर्ची थोडी मागं कलती करतो, मगच दोघं मिळून उचलतात. उंबरा आणि पायऱ्या उतरताना आत्याबाईंचं तोंड खाली, उतरायच्या दिशेनं हवं. पाठ करून नेलं तर त्यांना काही दिसत नाही, त्या घाबरतात आणि चौकट धरतात. पुढचा माणूस त्यांच्याकडे तोंड करून मागं मागं पायरी उतरतो, म्हणून तिसऱ्यानं त्याच्या पाठीला हात लावून "पायरी... अजून एक... आता सपाट" असं मोठ्यानं म्हणत राहायचं. हे काम मुलगा करू शकतो. उचलण्याचं काम मात्र त्याच्यावर आणि तुमच्यावर टाकू नका.

उचलायला दोन बाप्ये माणसं लागतील, आणि ती नदीच्या याच बाजूला राहणारी हवीत. मालकांचं नाव यात धरूच नका. शिफ्ट सुटेपर्यंत पूल बंद झालेला असेल, आणि 2019 आणि 2021 च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आल्यानं हायवेसुद्धा बंद पडला होता. कागलहून यायचा तो रस्ता. गल्लीतली चार नावं ठरवा, म्हणजे त्यातली दोन तरी घरी सापडतील. त्यांना एकदा घरी बोलवा आणि पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी पलंगापासून गाडीपर्यंत सगळं करून बघा. आधी कुणा धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून, मग आत्याबाईंना. घड्याळ लावा. आमच्या घरी पहिल्यांदा हे करायला 25 मिनिटं लागली, कारण खुर्ची मधल्या दारातून जाईना आणि चौकटीजवळची धान्याची कणगी हलवावी लागली. ती कणगी आता कायमची दुसरीकडे आहे.

रस्ता कोरडा असताना ओम्नी किंवा टमटम पुरते, आणि ती दारापर्यंत येते. ट्रॉलीची फळी कंबरेएवढी उंच असते. तिच्यावर खुर्ची चढवायला चार माणसं लागतात, म्हणून ती शेवटचा पर्याय ठेवा. ट्रॉलीतून न्यावंच लागलं तर आत्याबाईंना खुर्चीतून काढून पुढच्या फळीला टेकून गादीवर बसवा आणि कुणीतरी शेजारी धरून बसा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ट्रॅक्टर कितीही जड असो, तिकडे जायचं नाही.

औषधांची पिशवी वेगळी आणि कायम भरलेली. 15 दिवसांचं औषध तिच्यात हवं. एकदम जादा पैसे घालावे लागू नयेत म्हणून असं करा: घरचं औषध संपायला 15 दिवस उरले की पुढच्या महिन्याचं आणा. नवं पिशवीत जाईल, पिशवीतलं जुनं वापरात येईल. असं फिरत राहिलं की मुदत संपायची भीती नाही. पुढच्या खेपेला इचलकरंजीच्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं, म्हणजे कंपनीचं नाव नव्हे तर आतल्या औषधाचं नाव, आणि किती मिलिग्रॅम, हे लिहून आणा. चिकोडीच्या दुकानात तीच कंपनी मिळेल असं नाही. मूळ नाव असलं की अडत नाही.

इन्सुलिनची जास्त काळजी घ्या. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण पुरात लाइट जाणारच. घाबरू नका. चालू बाटली 30 अंशांच्या खाली साधारण 4 आठवडे चालते, नेमके दिवस बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर असतात. जुलै-ऑगस्टात आपल्याकडची खोली तेवढी थंड असते. बाटली बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. पांढरं, दुधाळ इन्सुलिन असेल तर तळहातात फिरवल्यावर सगळीकडे सारखं दुधासारखं दिसलं पाहिजे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेच्या आत पांढरी खर धरली तर टाकून द्या. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं तर तेही टाका.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो सिरिंजमध्ये. आपल्याकडे बाटली बहुतेक 40 युनिटची असते, म्हणजे एका मिलीलीटरात 40 युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटची बाटलीही मिळते, तिची सिरिंज केशरी टोपणाची. समजा केंद्रात कुणी चांगल्या मनानं 100 ची बाटली दिली आणि तुम्ही घरची लाल टोपणाची सिरिंज 20 च्या रेघेपर्यंत भरली. ती रेघ म्हणजे अर्धा मिली. त्या अर्ध्या मिलीत आता 20 नाही, 50 युनिट इन्सुलिन असेल. अडीच पट डोस. माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून बाटलीसोबत तिच्याच सिरिंज पिशवीत ठेवा, निदान 30, आणि दुसरी बाटली हातात आली तर आधी तिच्यावरचा 40 की 100 हा आकडा वाचा.

केंद्रात जेवणाची वेळ कुणाच्या हातात नसते. इन्सुलिन दिलं आणि ताट दोन तासांनी आलं तर साखर उतरते: घाम, थरथर, एकदम गप्प होणं किंवा असंबद्ध बोलणं. जेवण समोर दिसल्याशिवाय इंजेक्शन भरू नका. दोन वेळा जेवणच नीट झालं नाही तर डोस किती करायचा, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनानं पूर्ण बंद करू नका. साखर उतरल्याची चिन्हं दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा. त्यांना बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, घोट घोट द्या. अर्धांगवायूत गिळताना ठसका लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट 108.

पिशवीत एक जाड कार्ड ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. केंद्रातल्या नर्सबाईंना मराठी वाचता येईलच असं नाही. मुलाच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून लिहून घ्या. त्यावर एवढंच: नाव, वय, डावी बाजू लुळी आहे, डाव्या हाताला धरून उचलू नये, इन्सुलिनचं नाव, 40 युनिटची बाटली, सकाळी किती, संध्याकाळी किती, गोळ्यांची मूळ नावं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आणि दोन फोन नंबर: एक मालकांचा, एक चिकोडीकडच्या पाहुण्यांचा. डोस बदलला की कार्डही बदला. जुनं फाडून टाका, दोन्ही पिशवीत राहू देऊ नका.

सरांकडे कार्ड लिहायला जाल तेव्हा मोबाइलवर आलेला शेवटचा कन्नड इशाराही त्यांना दाखवा. त्यातले चार-पाचच शब्द दर वेळी येतात: नदी, पाणी, सुरक्षित जागा, स्थलांतर. ते शब्द कन्नडमध्ये कसे दिसतात ते वहीत उतरवून घ्या आणि ते पान त्या तीन नंबरांखाली भिंतीवर चिकटवा.